'डेटा इज' की 'डेटा आर'? आणि मग 'मीडिया'चं काय?

इंग्रजीत शोधनिबंध लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हा गोंधळ हमखास येतो. गाइडनं 'द डेटा इज' खाली लाल रेघ ओढलेली असते आणि समासात लिहिलेलं असतं, "डेटा हे अनेकवचन आहे." विद्यार्थी ज्या संगणकशास्त्राच्या पुस्तकातून शिकलेला असतो, त्यात मात्र पानोपानी 'द डेटा इज स्टोअर्ड' असंच छापलेलं असतं. तो गाइडचं ऐकून 'इज'चं 'आर' करतो. पुढच्या ओळीत 'दिस डेटा' तसंच राहतं, त्यापुढच्या ओळीत 'इट शोज' राहतं, आणि आधी बरोबर असलेलं वाक्य आता खरोखरच चुकीचं होतं.

मी इंग्रजी मजकूर तपासायचं काम करते. माझ्या अनुभवात 'डेटा' एकवचनी धरल्यामुळे चुकलेली वाक्यं फार थोडी असतात. अर्ध्या वाक्यात एकवचनी आणि उरलेल्या अर्ध्यात अनेकवचनी धरल्यामुळे चुकलेली वाक्यंच जास्त दिसतात. 'मीडिया'ची गोष्ट वेगळी आहे. तिथे एकवचन धरणं काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी अजिबात चालत नाही. दोन्ही शब्द लॅटिनमधून आले, दोन्ही मुळात अनेकवचनी, म्हणून दोघांना एकच नियम लावायचा मोह होतो. तो आवरायला हवा.

लॅटिनमध्ये 'डेटम' म्हणजे दिलेली गोष्ट, आणि तिचं अनेकवचन 'डेटा'. 'मीडियम' म्हणजे मधलं, आणि त्याचं अनेकवचन 'मीडिया'. सतराव्या शतकात 'डेटा' इंग्रजीत आला तेव्हा गणितात किंवा तत्त्वज्ञानात गृहीत धरलेल्या, आधीच दिलेल्या गोष्टींसाठी तो वापरला जाई. अशा गोष्टी मोजता येत, त्यामुळे अनेकवचन सहज शोभायचं. पुढे अर्थ बदलला. मोजमापातून, नोंदींतून जे काही जमा होतं ते सगळं 'डेटा' झालं. विसाव्या शतकात संगणक आल्यावर तर हा साठा सुटासुटा मोजायची गोष्टच राहिली नाही, तो गिगाबाइटमध्ये मापला जाऊ लागला. त्याच काळात 'डेटम' हे एकवचन रोजच्या इंग्रजीतून जवळजवळ नाहीसं झालं. एखादं मोजमाप दाखवायचं तर लोक 'डेटा पॉइंट' म्हणू लागले.

यात जगावेगळं काही घडलेलं नाही. 'अजेंडा' हेही लॅटिन अनेकवचनच, त्याचं एकवचन 'अजेंडम'. आज 'दीज अजेंडा आर' असं कुणी लिहीत नाही. 'अजेंडा' पूर्ण एकवचनी झाला, इतका की त्याचं 'अजेंडाज' असं नवं अनेकवचनही तयार झालं. उलट 'क्रायटेरिया' आणि 'फिनॉमिना' अजून अनेकवचनीच आहेत, कारण 'क्रायटेरिअन' आणि 'फिनॉमिनन' ही त्यांची एकवचनं रोजच्या वापरात आहेत. म्हणून 'दिस क्रायटेरिया इज' ही आजही चूक मानली जाते. 'डेटा' या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. त्याचं एकवचन मागे पडल्यामुळे तो स्वतः एकवचनी व्हायला मोकळा झाला, पण विज्ञानाच्या लेखनात अनेकवचनाची सवयही टिकून राहिली. 'मीडियम' मात्र आजही सगळीकडे जिवंत आहे, आणि 'मीडिया'चे नियम अधिक कडक का हे त्यावरूनच कळतं. त्याकडे नंतर येते.

दोन 'डेटा', दोन व्याकरणं

आजच्या इंग्रजीत 'डेटा' दोन प्रकारे चालतो, आणि चांगले शब्दकोश दोन्ही प्रकार प्रमाण मानतात. पहिल्या प्रकारात तो साखरेसारखा न मोजता येणारा नाम असतो, 'इन्फर्मेशन' या शब्दाप्रमाणे. त्याच्याबरोबर 'दिस', 'मच', 'लिटल', 'लेस' येतात, क्रियापद 'इज', 'वॉज', 'हॅज', 'शोज' असं येतं, आणि पुढे त्याचा उल्लेख 'इट'नं होतो. दुसऱ्या प्रकारात तो अनेकवचनी नाम असतो, 'अर्निंग्ज' या शब्दाप्रमाणे. त्याच्याबरोबर 'दीज', 'मेनी', 'फ्यू', 'फ्युअर' येतात, क्रियापद 'आर', 'वेअर', 'हॅव', 'शो' असं येतं, आणि पुढचा उल्लेख 'दे' किंवा 'देम'नं होतो.

वाक्य तपासताना 'डेटा इज लिहिलंय का' एवढंच पाहून भागत नाही. 'डेटा'च्या आधीचं दर्शक किंवा परिमाण, त्याचं क्रियापद, नंतरचं सर्वनाम आणि त्या सर्वनामाचं क्रियापद, हे सगळं एकाच बाजूचं आहे का ते पाहावं लागतं. भूजलाच्या एखाद्या निबंधात दिसू शकेल असं वाक्य घेऊ:

'दिस डेटा वेअर कलेक्टेड फ्रॉम फॉर्टी वेल्स, अँड मच ऑफ देम शो अ फॉल इन द वॉटर लेव्हल.'

'दिस' एकवचनी आहे. 'वेअर' अनेकवचनी आहे. 'मच' एकवचनी आहे, त्याला लागूनच आलेलं 'देम' अनेकवचनी आहे, आणि 'शो'ही अनेकवचनी आहे. पाच ठिकाणी बाजू दिसते आणि त्या पाचांत तीनदा बदलते. हे वाक्य कोणत्याच शैलीत बरोबर ठरत नाही. आता ते एकवचनी करू:

'दिस डेटा वॉज कलेक्टेड फ्रॉम फॉर्टी वेल्स, अँड मच ऑफ इट शोज अ फॉल इन द वॉटर लेव्हल.'

आणि अनेकवचनी करू:

'दीज डेटा वेअर कलेक्टेड फ्रॉम फॉर्टी वेल्स, अँड मोस्ट ऑफ देम शो अ फॉल इन द वॉटर लेव्हल.'

दोन्ही शुद्ध आहेत. दुसऱ्यात 'मच'च्या जागी 'मेनी' न घेता मी 'मोस्ट' घेतलं, कारण 'मोस्ट' दोन्ही बाजूंना चालतं आणि वाक्य अवघडत नाही. 'सम', 'ऑल', 'अ लॉट ऑफ' हेही तसेच तटस्थ शब्द आहेत.

काही क्रियापदंही तटस्थ असतात. 'द डेटा शोड', 'द डेटा विल शो', 'द डेटा सजेस्टेड' यांत वचन दिसतच नाही. इंग्रजीत साध्या भूतकाळात फक्त 'वॉज' आणि 'वेअर' इथेच वचन उघडं पडतं, बाकी सगळी क्रियापदं दोन्ही वचनांत सारखीच राहतात. म्हणून निष्कर्ष भूतकाळात लिहिणाऱ्याला हा प्रश्न कमी छळतो. पण त्यात एक धोका आहे. 'दीज डेटा शोड… इट ऑल्सो कन्फर्म्ड' अशा वाक्यात क्रियापदं चूक लपवतात आणि फक्त 'दीज' आणि 'इट' ती उघड करतात. नजर नेहमी क्रियापदावर जाते, म्हणून सर्वनाम निसटतं.

जे कुठेच बरोबर नाही

काही रूपं अशी आहेत की एकवचनवाले आणि अनेकवचनवाले दोघंही ती नाकारतात. आपल्याकडच्या निबंधांत नेमकी तीच भरपूर सापडतात. 'अ डेटा', 'अ‍ॅन इम्पॉर्टंट डेटा', 'ईच डेटा', 'एव्हरी डेटा', 'डेटाज', 'टू डेटा', 'फाइव्ह डेटा'. एकवचनी 'डेटा' मोजता येत नाही, त्यामुळे त्याला 'अ' किंवा 'ईच' लागत नाही. अनेकवचनी 'डेटा'लाही आकडा लागत नाही. 'दीज डेटा' बरोबर असूनही 'फाइव्ह डेटा' कुणी म्हणत नाही, ते 'फाइव्ह डेटा पॉइंट्स' असंच होतं.

'ईच डेटा इज एन्क्रिप्टेड' हे वाक्य अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालांत मी वारंवार पाहते. लेखकाला म्हणायचं असतं प्रत्येक नोंद, प्रत्येक फाइल, प्रत्येक पॅकेट किंवा प्रत्येक मूल्य. मग तेच लिहावं: 'ईच रेकॉर्ड', 'ईच पॅकेट', 'ईच व्हॅल्यू'. व्याकरण सुधारतंच, शिवाय नेमकं काय कूटबद्ध होतंय हे वाचकाला कळतं. 'ईच डेटा'मध्ये ते कळत नव्हतं.

ही चूक आपल्याकडे का होते हे मराठीकडे पाहिलं की समजतं. मराठीत 'डेटा' पुल्लिंगी एकवचनी झाला आहे. 'डेटा गोळा केला', 'सगळा डेटा उडाला', 'माझा डेटा संपला'. घोड्याचे घोडे होतात, पण डेटाचे 'डेटे' कुणी करत नाही. त्यामुळे 'द डेटा इज' आपल्या कानाला सरळ वाटतं आणि त्यात बिघडत काही नाही. पण मराठीत 'एक महत्त्वाचा डेटा मिळाला' असंही आपण बिनदिक्कत म्हणतो. तेच इंग्रजीत नेलं की 'अ‍ॅन इम्पॉर्टंट डेटा' होतं, आणि तिथे ते चालत नाही.

'डेटम' मात्र एका जागी अजून ठणठणीत आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या आराखड्यात मापं ज्या पृष्ठापासून घेतात त्याला 'डेटम' म्हणतात. सर्वेक्षणात उंची किंवा स्थान ज्या आधाराला धरून सांगतात तोही 'डेटम'. तिथे त्याचं अनेकवचन 'डेटा' होत नाही, 'डेटम्स' होतं. सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यानं 'टू डेटम्स वेअर यूज्ड' लिहिलं असेल तर ते खोडू नका.

कर्ता 'डेटा' नसतोच

आणखी एक चूक 'डेटा'च्या नावावर जमा होते, पण तिचा 'डेटा'शी संबंध नसतो. 'द अ‍ॅनालिसिस ऑफ द डेटा शो दॅट…' या वाक्यात कर्ता 'अ‍ॅनालिसिस' आहे आणि तो एकवचनी आहे, म्हणून तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, 'शोज'च हवं. 'द डेटासेट आर', 'द डेटा क्वालिटी वेअर' यांचंही तेच. तिथे 'डेटा' नुसता विशेषणासारखा पुढे बसला आहे. 'अ लार्ज अमाउंट ऑफ डेटा' आलं की 'वॉज'च येतं, कारण क्रियापद 'अमाउंट'शी जुळतं.

याची उलट बाजूही असते. 'द डेटा फ्रॉम बोथ सेन्सर्स वेअर मर्ज्ड' हे वाक्य पाहा. पूर्ण निबंधात लेखकानं 'डेटा इज' धरलं आहे आणि इथेच 'वेअर' आलं, कारण क्रियापदाला चिकटून 'सेन्सर्स' बसला आहे. सेन्सर दोन असले म्हणून 'डेटा' अनेकवचनी होत नाही. हे तपासायचा साधा उपाय म्हणजे 'फ्रॉम बोथ सेन्सर्स' एवढा तुकडा बोटानं झाकायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं.

निबंध कुठे पाठवायचा आहे?

दोन्ही रूपं शुद्ध असली तरी निवड नेहमी आपल्या हातात नसते. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत परिषदेसाठी जे निबंध लिहिले जातात, त्यांतले बरेचसे आयईईईच्या साच्यात असतात. त्या साच्यातच, नेहमीच्या चुकांच्या यादीत, पहिलं वाक्य 'डेटा हा शब्द अनेकवचनी आहे, एकवचनी नाही' अशा अर्थाचं आहे. विद्यार्थी तो नमुना मजकूर पुसून त्याजागी आपला मजकूर भरतात, त्यामुळे ही सूचना वाचलीच जात नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांत चालणारी एपीए शैलीही अनेकवचनच मागते. शिकागो शैली-पुस्तिका मान्य करते की हा शब्द आता सर्रास एकवचनी वापरला जातो, तरी विज्ञानाच्या लेखनात ती अनेकवचन सुचवत आली आहे.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या तांत्रिक लेखनाच्या मार्गदर्शिका 'द डेटा इज' घ्यायला सांगतात. ब्रिटनचं 'गार्डियन' एकवचन घेतं. असोसिएटेड प्रेस सामान्य वाचकांसाठीच्या मजकुरात एकवचन आणि शैक्षणिक लेखनात अनेकवचन अशी विभागणी करते. म्हणजे एकाच मुलीनं सकाळी कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिली आणि संध्याकाळी त्याच विषयावर आयईईईचा निबंध लिहिला, तर तिला सकाळी 'डेटा इज' आणि संध्याकाळी 'डेटा आर' लिहावं लागेल. दोन्ही वेळा ती बरोबरच असेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सामान्य वाचकासाठी एकवचन घ्यावं. 'फ्युअर डेटा' व्याकरणानं अचूक असलं तरी वाचणारा तिथे अडखळतो. आणि मोबाइलच्या इंटरनेटबद्दल बोलताना कट्टरातला कट्टर प्राध्यापकही 'माय मोबाइल डेटा आर ओव्हर' म्हणणार नाही. पण नियतकालिकानं नियम घालून दिला असेल तर तिथे स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. अशा गोष्टीवरून परीक्षकाशी हुज्जत घालण्यात निबंधाचा काही फायदा नाही.

नियम सापडला की तो लावायचा कसा? वर्डमध्ये 'डेटा' शोधत एकेक वाक्य पाहता येतं. निबंध लाटेकमध्ये असेल तर लिनक्सवर ही एक आज्ञा संशयित जागा ओळ-क्रमांकासह समोर आणते:

```
grep -noiwE "(this|these|much|many|less|fewer|each|a) data( (is|are|was|were|has|have|shows?))?|data (is|are|was|were|has|have|shows?)" paper.tex
```

यादी हाती आली की पक्षांतर लगेच दिसतं. वर 'data is', चार ओळींनंतर 'data are'. पण ही आज्ञा सगळं पकडत नाही. 'डेटा' आणि क्रियापद यांच्यामध्ये इतर शब्द आले तर ते निसटतं, ओळ मध्येच तुटली तर निसटतं, आणि 'इट' किंवा 'देम' तर तिला दिसतच नाही. शिवाय 'अ‍ॅनालिसिस ऑफ डेटा इज' हे अगदी शुद्ध वाक्यही ती यादीत आणेल, कारण खरा कर्ता कोण हे तिला कळत नाही. तो निर्णय वाचूनच घ्यावा लागतो.

मीडियाचा मामला

'गार्डियन'चीच शैली पाहा. 'डेटा' एकवचनी घेणारं तेच वर्तमानपत्र 'मीडिया' अनेकवचनी घेतं. यात विसंगती नाही. 'डेटम' मागे पडला, 'मीडियम' जिवंत राहिला. रेडिओ 'अ मीडियम' आहे, तैलरंग 'अ मीडियम' आहे, 'मराठी मीडियम' शाळा तर गल्लोगल्ली आहेत. एकाला वेगळा शब्द हाताशी असताना त्याच जागी अनेकाचा शब्द वापरला की चूक ठळक दिसते. म्हणून 'रेडिओ इज अ पॉवरफुल मीडिया' हे कुठल्याही शैलीत चूक आहे. इथे मराठी कान मदत करतो. मनात 'माध्यम' येतं की 'माध्यमं', ते पाहा. 'माध्यम' येत असेल तर इंग्रजीत 'मीडियम' हवं.

वृत्तपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं मिळून जे बनतं त्याला 'द मीडिया' म्हणतात, आणि सूट फक्त त्या अर्थाला आहे. तिथे एकत्रित गट म्हणून 'द मीडिया हॅज इग्नोअर्ड द स्टोरी' आता बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि 'द मीडिया हॅव' तर आधीपासून शुद्ध आहे. पण अर्थच वेगवेगळेपणाचा असेल तर एकवचन खटकतं. काही वाहिन्या बाजूनं आणि काही विरोधात आहेत असं सांगताना 'द मीडिया आर डिव्हायडेड' जास्त बरं. आणि 'डेटा'चा नियम इथेही लागू आहे: 'द मीडिया हॅज देअर ओन इंटरेस्ट्स' यात बाजू अध्ये बदलली आहे. 'हॅज इट्स' लिहा किंवा 'हॅव देअर' लिहा.

'सोशल मीडिया' एकवचनाकडे आणखी झुकलेलं आहे. 'सोशल मीडिया इज चेंजिंग पॉलिटिक्स' वर आज फारसं कुणी बोट ठेवत नाही. तरी 'अ सोशल मीडिया' आणि 'सोशल मीडियाज' या चुकाच आहेत. एका ठिकाणाबद्दल बोलायचं तर 'अ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म' म्हणायचं.

खरी किंमत मोजावी लागते ती प्रयोगशाळेत. जीवाणू किंवा पेशी ज्या पोषकद्रव्यात वाढवतात ते 'मीडियम'. तिथे 'मीडिया' म्हणजे एकाहून अधिक प्रकारची द्रव्यं, दुसरा अर्थ नाही. प्रयोगशाळेत बोलताना सगळे 'मीडिया बनवलास का' असंच विचारतात, ते ठीक आहे. पण निबंधात गोंधळ होतो. केळीच्या ऊतिसंवर्धनाचं उदाहरण घेऊ. तिथे मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 साली मांडलेलं एमएस मीडियम जगभर वापरतात. समजा विद्यार्थिनीनं त्यात संप्रेरकांची प्रमाणं बदलून तीन वेगळी द्रव्यं बनवली आणि लिहिलं:

'द मीडिया वॉज सप्लिमेंटेड विथ थ्री पर्सेंट सुक्रोज.'

साखर तिन्ही द्रव्यांत घातली की एकाच? 'मीडिया' म्हणतं तिन्ही, 'वॉज' म्हणतं एक. दुसऱ्या शहरातल्या कुणाला हा प्रयोग पुन्हा करायचा असेल तर त्याला अंदाजच बांधावा लागेल. तिन्हींत घातली असेल तर 'ऑल थ्री मीडिया वेअर सप्लिमेंटेड', एकात घातली असेल तर 'द शूट-इंडक्शन मीडियम वॉज सप्लिमेंटेड'. पाठोपाठ येणाऱ्या निर्जंतुकीकरणाच्या वाक्यालाही तेच: 'द मीडिया वेअर ऑटोक्लेव्ड अ‍ॅट 121 डिग्रीज फॉर फिफ्टीन मिनिट्स'. अशा ठिकाणी मी कुणाचीही शैली-पुस्तिका उघडत नाही, लेखकाला थेट विचारते की भांडी किती होती आणि त्यांत काय काय होतं. 'वॉज'चं आपल्या मनानं 'वेअर' केलं तर व्याकरण सुधारेल, पण कदाचित प्रयोगाची कृतीच खोटी होईल.

'मीडियम्स' हे रूप मृतात्म्यांशी बोलतो असं सांगणाऱ्या व्यक्तींसाठी राखलेलं आहे. चित्रकलेतही ते कधी कधी दिसतं, पण तिथेही 'मीडिया' जास्त रुळलेलं आहे.

आता दोन्ही बाजूंचं मिश्रण असलेलं एक वाक्य सोडवू:

'अ सोशल मीडिया लाइक यूट्यूब हॅव चेंज्ड हाऊ द प्रिंट मीडिया रीच देअर रीडर्स.'

पहिला भाग दोनदा चुकला आहे. 'अ' आणि 'मीडिया' एकत्र नांदत नाहीत, आणि एका यूट्यूबला 'हॅव' लागत नाही. 'अ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म लाइक यूट्यूब हॅज चेंज्ड' केलं की तो सुटतो. दुसऱ्या भागाला हात लावायची गरजच नाही. 'प्रिंट मीडिया' अनेकवचनी, 'रीच' अनेकवचनी, 'देअर' अनेकवचनी. उत्साहाच्या भरात 'रीच'चं 'रीचेस' केलंत तर 'देअर'चंही 'इट्स' करावं लागेल, आणि हाती काही जास्त लागणार नाही.

वैद्यकीय मजकूर तपासणाऱ्यांसाठी एक सावधगिरी सांगायची राहिली. 'ओटायटिस मीडिया' म्हणजे मधल्या कानाची सूज, आणि 'ट्युनिका मीडिया' म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीचा मधला थर. यांतलं 'मीडिया' हे 'मीडियम'चं अनेकवचन नाहीच. ते 'मधला' या अर्थाच्या लॅटिन विशेषणाचं स्त्रीलिंगी एकवचन आहे. म्हणून 'ओटायटिस मीडिया इज कॉमन इन यंग चिल्ड्रन' हे शंभर टक्के बरोबर आहे. सगळ्या निबंधात 'मीडिया इज' शोधून एका झटक्यात 'मीडिया आर' करणाऱ्याच्या हातून हे वाक्य हमखास बिघडतं.